ही – सकाळ, ही – संध्याकाळ

घड्याळजींच्या कानात दोन यंत्रं होती आणि त्या यंत्रांचा कारभार फोनमधल्या एका ॲपकडे होता. ते ॲप एका शनिवारी नाहीसं झालं.

घड्याळजी म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारे गृहस्थ. दुकान कधीच बंद झालं होतं, पण खिडकीपाशी एक मेज, त्यावर चिमटे, छोटे पेचकस आणि डोळ्याला लावायचं भिंग एवढा संसार त्यांनी घरी आणला होता. सगळी गल्ली त्यांना घड्याळजी म्हणायची. बायको तेवढी 'अहो' म्हणायची, आणि ते 'अहो' ऐकू येईनासं झालं म्हणूनच तर यंत्रं घ्यावी लागली.

यंत्रं ज्या बाईंनी बसवली त्या श्रवणतज्ज्ञ. घड्याळजी त्यांना कानवाल्या बाई म्हणत, तोंडावरसुद्धा. बाईंनी सांगितलं होतं, "काका, कानाचं मूळ मोजमाप मी माझ्या संगणकावरून यंत्रात भरलंय. पण या ॲपमध्ये तुम्ही स्वतःचे प्रोग्रॅम बनवू शकता. आवाज किती, खर्ज किती, गोंगाट किती कापायचा, सगळं बोटाने सरकवायचं, नाव द्यायचं, ठेवून द्यायचं." केसाएवढी कमान हलवून घड्याळाचा वेग सुधारणाऱ्या माणसाला हे सांगणं म्हणजे मुंगीला साखरेचा पत्ता देणं होतं. महिन्याभरात त्यांच्या फोनमध्ये 'बँक' होता, 'टीव्ही' होता, 'भिशीवाल्या' होता (हा बायकोच्या मैत्रिणी घरी आल्या की लागायचा) आणि 'जावई' होता. जावयाचा आवाज घुमतो, म्हणून त्याचा खर्ज जवळजवळ काढूनच टाकलेला.

आणि दोन प्रोग्रॅम असे होते की ज्यांच्याबद्दल त्यांनी कुणाला अवाक्षर सांगितलं नव्हतं. एकाचं नाव 'ही – सकाळ' आणि दुसऱ्याचं 'ही – संध्याकाळ'.

आता ही म्हणजे कोण, ते सांगायला नको. काकू सकाळी उठल्या की दुसरा चहा पोटात जाईपर्यंत जगाशी भांडत. जग म्हणजे दूधवाला, वरच्या मजल्यावरचं धुण्याचं यंत्र, गळका नळ आणि या सगळ्यांचा मुख्य सूत्रधार असल्यासारखे खिडकीपाशी बसलेले घड्याळजी. 'ही – सकाळ'मध्ये आवाजाची पट्टी अगदी तळाला टेकवलेली होती. घड्याळजी फोनवर एक बोट टेकवत आणि भिंग डोळ्याला लावून, चेहऱ्यावर संताचा भाव आणून कामाला लागत. काकूंचे ओठ हलत. अधूनमधून घड्याळजी "हं" म्हणत. संसार सुखाचा चालला होता.

'ही – संध्याकाळ'ची गोष्ट वेगळी. दोन वर्षांपूर्वी काकूंच्या गळ्याची शस्त्रक्रिया झाली आणि त्यांचा आवाज बसला तो बसलाच. सकाळी रागाच्या जोरावर तो चढायचा, पण संध्याकाळी गॅलरीत बसून त्या दिवसभराच्या गोष्टी सांगत तेव्हा अगदी बारीक, कापरा होऊन जायचा. मधूनच त्या काहीतरी गुणगुणत. घड्याळजींनी हा प्रोग्रॅम लावायला सबंध हिवाळा घेतला होता. आज उंच स्वर जरासा वर, उद्या पंख्याची घरघर थोडी खाली, परवा रस्त्यावरच्या गाड्या कापलेल्या. शेवटी एका संध्याकाळी बायकोचा श्वाससुद्धा ऐकू आला, तेव्हा त्यांनी पट्ट्यांना हात लावणं सोडलं. तिच्या आवाजावर त्यांचं किती प्रेम आहे हे त्यांनी तिला कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर 'ही – सकाळ'चाही हिशेब द्यावा लागला असता.

तर त्या शनिवारी फोन हातात घेतला आणि ॲप गायब.

"अगं, माझं कानाचं ॲप कुठे गेलं?"

काकू भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "मला काय ठाऊक? फोन भरला होता तुमचा. जागा नाही, जागा नाही म्हणून सारखा ओरडत होता. काढून टाकलं असेल त्यानेच."

घड्याळजींना हे पटलं. जो फोन रोज काही ना काही मागतो तो एखाद दिवशी काही घेऊनही जाणारच. त्यांनी प्ले स्टोअर उघडलं, ॲप शोधलं आणि पुन्हा उतरवून घेतलं. ॲप हसतमुखाने उघडलं आणि एखाद्या परक्याला विचारावं तसं विचारू लागलं: लॉगिन करा, नवीन खातं काढा, की पाहुणा म्हणून पुढे जाल? घड्याळजी म्हणाले, माझाच फोन, माझेच कान, खातं कशाला हवं? ते पाहुणा म्हणून पुढे गेले. पाहुण्याला जे मिळतं तेच त्यांना मिळालं. 'सर्वसाधारण', 'गोंगाट' आणि 'संगीत', कंपनीने आधीच घालून दिलेले. बँक गेली, टीव्ही गेला, जावई गेला. सकाळ गेली आणि संध्याकाळही गेली.

सकाळ गेल्याचं दुःख दुसऱ्या दिवशी सकाळीच कळलं. पण खरं नुकसान कळलं ते संध्याकाळी. गॅलरीत बसून काकू काहीतरी सांगत होत्या आणि घड्याळजींना ऐकू येत होता तो पंखा, एक मोटारसायकल आणि कुठलंसं दार. त्यांनी नवा प्रोग्रॅम करायला घेतला, पट्ट्या सरकवल्या, त्याला 'प्रयत्न' असं नाव दिलं. प्रयत्न फसला. गेल्या हिवाळ्यात कुठली पट्टी कुठे नेऊन ठेवली होती ते कुठे आठवतंय! दोन-तीनदा "काय?" विचारल्यावर काकू म्हणाल्या, "जाऊ द्या." मग त्या उठून आत गेल्या. 'जाऊ द्या' तेवढं त्यांना ओठांवरून कळलं.

सोमवारी सकाळी घड्याळजी बायकोला "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून सांगून थेट कानवाल्या बाईंकडे गेले. बरोबर कुणी नको होतं. प्रोग्रॅम परत आले तर ते पडद्यावर नावानिशी येणार, आणि काकूंना वाचता येत होतं.

बाईंच्या खोलीत भिंतीवर कानाचं एक भलंमोठं रंगीत चित्र होतं. त्याखाली बसून घड्याळजींनी सगळी कहाणी सांगितली.

"फोनने आपोआप काढलं?" बाई हसल्या. "फोन असं करत नाही, काका. जागा कमी पडली तर एखादं ॲप तो बाजूला ठेवतो. पण मग त्याचं चिन्ह जागेवर राहतं आणि आतली माहितीही राहते. दाबलं की पुन्हा उतरतं. तुमचं चिन्हच गेलं होतं ना? म्हणजे हे कुणीतरी अनइन्स्टॉल केलंय."

"कुणीतरी कोण? घरात आम्ही दोघंच."

"मग तुमचंच बोट लागलं असेल. ॲप असं काढलं की त्याने फोनमध्ये जपलेलं सगळं त्याच्याबरोबर जातं. मात्र फोनचा बॅकअप चालू असेल तर पुन्हा इन्स्टॉल करताना बऱ्याच ॲप्सची माहिती आपोआप परत येते. बघू इकडे." बाईंनी सेटिंग्ज उघडल्या आणि त्यांचा चेहरा पडला. "बॅकअप बंद आहे, काका."

"मीच बंद केलाय," घड्याळजी अभिमानाने म्हणाले. "आपल्या घरातलं सामान दुसऱ्याच्या कपाटात कशाला?"

"छान. म्हणजे ते दार लागलं. आता चालू केलात तरी मागचं यायचं नाही."

"तुमच्या संगणकात नाही का?"

"माझ्याकडे तुमच्या कानाचं मूळ मोजमाप आहे. तुम्ही घरी बसून जे केलंत ते माझ्याकडे नाही." घड्याळजींचा चेहरा बघून बाई घाईघाईने पुढे म्हणाल्या, "पण आशा आहे. या ॲपचं स्वतःचं खातं असतं, आणि तुम्ही बनवलेले प्रोग्रॅम ते त्या खात्यात ठेवतं. पहिल्या दिवशी आपण खातं काढलं होतं की. तुम्ही पाहुणा होऊन आत शिरलात, म्हणून ॲपने तुम्हाला ओळखलंच नाही. त्याच खात्याने आत गेलात की सगळं मिळेल."

घड्याळजींच्या जिवात जीव आला. फोनमध्ये मुलीने काढून दिलेला त्यांचा ईमेल पत्ता होता. बाईंनी तो टाकला. ॲप म्हणालं, या पत्त्यावर खातं नाही.

बाईंनी आपल्या नोंदी चाळल्या आणि त्यांच्या कपाळावरची आठी गेली. "काका, तुम्हाला त्या दिवशी पत्ता आठवत नव्हता! 'मला कोण पत्र लिहिणार' म्हणालात. मग काकूंनी त्यांचा दिला. खातं काकूंच्या पत्त्यावर आहे. काही अडचण नाही. त्यांच्या फोनवर एक कोड जाईल, तो इथे टाकायचा, झालं."

काही अडचण नाही! घड्याळजींनी रुमालाने मान पुसली. चोराने तिजोरीची किल्ली फौजदाराच्या खुंटीला टांगून ठेवावी तसा हा प्रकार झाला होता.

"दुसरा काही मार्ग?"

"नाही. फोन लावा त्यांना. कोडची मुदत थोडीच असते."

फोन बाईंनीच लावला आणि स्पीकरवर ठेवला. "काकू, तुमच्या ईमेलवर आत्ता एक कोड आला असेल. तेवढा वाचून दाखवता का?"

पलीकडून काकूंचा आवाज आला, बारीक पण ठाम. "कोण बोलतंय?"

"मी श्रवण केंद्रातून बोलतेय. काका इथेच बसलेत."

"असं सगळेच म्हणतात. कोड कुणालाही सांगायचा नाही. बँकेचा निरोप येतो रोज."

"अगं, मी आहे मी!" घड्याळजी ओरडले.

"आवाज यांच्यासारखाच काढलाय," काकू म्हणाल्या, "पण हे तर पाय मोकळे करायला गेलेत." आणि फोन बंद.

बाई हसू दाबत राहिल्या. घड्याळजी कानाच्या चित्राकडे बघत राहिले. आपलंच खोटं असं फिरून आपल्याच अंगावर येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. शेवटी बाईंनी पुन्हा फोन करून, केंद्राचा पत्ता आणि काकांच्या सदऱ्याचा रंग सांगून कशीबशी खात्री पटवली. तरी काकूंनी कोड सांगितला नाही. म्हणाल्या, "मी स्वतः येते."

आल्या त्या पर्स छातीशी धरूनच. नवऱ्याकडे एक नजर टाकली. "झाले का पाय मोकळे?"

तोवर पहिल्या कोडची मुदत टळली होती. बाईंनी दुसरा मागवला. काकूंनी तो बघितला, स्वतःचा फोन पालथा घातला आणि हात पुढे केला. "यांचा फोन द्या इकडे. मीच टाकते. सांगायचा नाही म्हणजे नाही."

असा घड्याळजींचा फोन काकूंच्या हातात गेला. त्यांनी एकेक आकडा दाबला. ॲप क्षणभर गरगरलं आणि पडद्यावर एक प्रश्न आला.

"थांबा, काकू!" बाई पुढे झुकल्या. "इथे नीट बघा. पाहुणा असताना काकांनी काहीतरी नवीन बनवलंय, 'प्रयत्न' का काय. म्हणून ॲप विचारतंय, या फोनवरचं ठेवू की खात्यातलं आणू? 'फोनवरचं ठेवा' दाबलंत तर हे एवढंच खात्यावर चढेल आणि तिथलं जुनं सगळं पुसलं जाईल. मग माझ्या हातात काही नाही. 'खात्यातलं आणा' दाबायचं."

काकूंचं बोट पडद्यावर तरंगत राहिलं.

घड्याळजींना त्या बोटाखेरीज काही दिसत नव्हतं. पुसलं गेलं तर अब्रू वाचेल. एका बोटाच्या अंतरावर सुटका होती आणि ती बायकोच्याच हातून होणार होती. पण मग संध्याकाळ कायमची गेली. गॅलरी, पंखा, मोटारसायकल, आणि समोर बसून "जाऊ द्या" म्हणणारी ही.

"खात्यातलं," ते म्हणाले. "खात्यातलं आण."

काकूंनी मान वर केली. "नक्की?"

"नक्की. मग तुला जे बोलायचं ते बोल."

काकूंनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. त्यांच्या नजरेत राग होता, आणि राग नसलेलंही काहीतरी होतं. मग त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर एकाखाली एक नावं उतरू लागली. बँक. टीव्ही. भिशीवाल्या. जावई. ही – सकाळ.

काकूंनी ते वाचलं. भुवई हलली नाही, हे विशेष. त्यांचं बोट तिथे थांबलं, मग यादी आणखी वर सरकली आणि पडद्याच्या तळाशी लपलेलं शेवटचं नाव दिसलं.

"हे काय?" त्या म्हणाल्या. "हे... हे खाली होतं होय?"

त्यांनी ते उघडलं. कानवाल्या बाई वाकून बघू लागल्या आणि त्यांना राहवलं नाही. "बापरे! काका, हे तुम्ही केलंत? इतकं बारीक मीसुद्धा लावत नाही. बघा ना काकू, पंखा कापलाय, रस्ता कापलाय, समोरच्या एकाच माणसावर रोख धरलाय, आणि उंच स्वर एकेका रेषेने वर नेलेत. अगदी नाजूक, थकलेला आवाज ऐकण्यासाठी आहे हे. कुणासाठी लावलंय?"

बाई हुशार होत्या. नाव वाचून त्या कपाटाकडे वळल्या आणि तिथे नसलेलं काहीतरी शोधू लागल्या.

घड्याळजींनी फोन घेऊन 'ही – संध्याकाळ' दाबलं. काहीच झालं नाही. बाई परत आल्या. "परवानगी द्यायची राहिली. ॲप नवं उतरवलं की जुन्या परवानग्या जातात, त्या खात्याबरोबर येत नाहीत. 'जवळपासची उपकरणं' विचारतंय ना? तुम्ही घरी 'नाही' दाबलेलं दिसतंय. हं, आता हो म्हणा." घड्याळजींनी हो म्हटलं. यंत्रं जोडली गेली, कानात एक बारीकशी टिंग झाली आणि खोलीतली घरघर कुणीतरी उचलून बाहेर ठेवावी तशी नाहीशी झाली.

"चला घरी," काकू म्हणाल्या. शब्दाच्या शेवटी आवाज जरा कापला. तो कापलेला घड्याळजींना ऐकू आला.

संध्याकाळी काकू गॅलरीत बोलल्या, पण प्रोग्रॅमबद्दल चकार शब्द नाही. घड्याळजी रात्रभर उद्याच्या तोफेची वाट बघत कूस बदलत राहिले.

सकाळ झाली. घड्याळजी मेजापाशी बसले. फोन समोर होता आणि त्याच्याकडे हात न्यायची हिंमत नव्हती. काकू चहाचा पहिला कप घेऊन आल्या.

"लावा की," त्या म्हणाल्या. "आता काय चोरी? लावा तुमची सकाळ."

घड्याळजींनी फोन उचलला. बोट 'ही – सकाळ'वर नेलं. तिथे ते टेकेना. सबंध हिवाळा ज्या आवाजासाठी खर्च केला तो तळाला बसवायचा, तेही तिच्या डोळ्यांदेखत? त्यांनी यादी खाली नेली, शेवटचं नाव दाबलं, फोन पालथा ठेवला आणि भिंग डोळ्याला लावलं. काकूंना वाटलं, झाले बहिरे.

मग काकूंनी स्वयंपाकघरातून सुरुवात केली. दूध पाण्यासारखं आलंय, माणसाने जाऊन दूधवाल्याला विचारायला नको? नळ रात्रभर ठिबकतोय, घड्याळाचं चाक दिसतं पण घरचा नळ दिसत नाही. वरच्यांना धुवायला हीच वेळ सापडते. एकेक शब्द कानात टाचणीसारखा टोचत होता. घड्याळजींनी संताचा भाव कसाबसा टिकवून धरला आणि सवयीने एक "हं" सोडला.

आणि त्याच पट्टीत, फडक्याने ओटा पुसता पुसता, काकू पुढे म्हणाल्या, "मीच काढलं होतं ते ॲप. फोन चार्जिंगला लावायला गेले आणि वर दिसलं, ही – सकाळ. उघडलं तर पट्टी तळाला. अस्सा राग आला! म्हटलं, आवाज गेलाय तो गेलाय, उरलेलाही यांना नकोय. टाकलं काढून. खाली बघितलंच नाही." फडकं थांबलं. "मी आपली संध्याकाळी निम्मं बोलायचं सोडून देत होते. म्हटलं, कुणाला ऐकू जातंय. आणि हे बसलेत एकेक रेषा मोजत. सांगायचं तरी तोंडाने."

भिंगाखालचं चाक घड्याळजींना दिसेनासं झालं. भिंगात पाणी शिरलं होतं. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि जे सुचलं ते तोंडातून निघून गेलं.

"नळाचं बघतो मी दुपारी," ते म्हणाले.

काकू हातातलं फडकं तसंच घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, पालथ्या फोनकडे पाहिलं, आणि पुन्हा नवऱ्याकडे पाहिलं. कानापर्यंत लाल झाल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "म्हणजे दुधाचंही ऐकलंत?"

"ऐकलं."

"सगळं ऐकलंत?"

"सगळं."

काकूंनी फडक्याने डोळे टिपले.

"मग बसलात काय? उठा, जाऊन या दूधवाल्याकडे."